चळत, थेंब आणि टिकली: स्लाईडवर दिसते ते रक्ताचे की काचेचे?

आदरणीय डॉक्टर,
मी डी.एम.एल.टी. झाल्यापासून तीन वर्षे कोकणातील एका तालुक्याच्या गावी लहान लॅबमध्ये काम करते. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम आठवड्यातून दोनदा येतात. त्या येईपर्यंत स्मिअर मी पाहून चिठ्ठीवर नोंद करून ठेवते. या पावसाळ्यात टार्गेट सेल, टिअरड्रॉप आणि रूलो मला जवळजवळ रोज दिसू लागले आहेत. लिहिले तर फिजिशियन विचारतात, "म्हणजे रोग कोणता?" आणि नाही लिहिले तर काही महत्त्वाचे सुटेल अशी धास्ती वाटते. मागच्या आठवड्यात साठीच्या एका गृहस्थांच्या स्लाईडवर सगळीकडे रूलो होते, हिमोग्लोबिन ८.६ आणि ई.एस.आर. १३०. मी चिठ्ठीवर फक्त "ॲनिमिया" लिहिले. काय लिहायला हवे होते?
— एक लॅब टेक्निशियन, कोकण

तुमच्या पत्रातील बाकीचे प्रश्न थोडे थांबू शकतात, पण त्या गृहस्थांची स्लाईड थांबू शकत नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. ती स्लाईड अजून पेटीत असेल तर आज बाहेर काढा. मायक्रोस्कोपखाली ठेवण्यापूर्वी ती एका पांढऱ्या कागदावर ठेवून शेजारी त्याच दिवशीची, त्याच स्टेनमध्ये रंगवलेली दुसऱ्या कोणाची तरी स्लाईड ठेवा आणि नुसत्या डोळ्यांनी दोहोंचा रंग पाहा. त्या गृहस्थांची स्लाईड शेजारच्या स्लाईडपेक्षा निळसर, जांभळट दिसत असेल, तर ते लक्षात ठेवा. त्याचा उपयोग पुढे होणार आहे.

मग तेल न घालता दहाच्या लेन्सने सुरुवात करा. स्मिअरच्या डोक्याकडचा भाग जाड असतो आणि तिथे निरोगी माणसाच्याही तांबड्या पेशी एकमेकींवर चढलेल्या दिसतात, त्यामुळे तिथल्या चळतींना काहीच अर्थ नाही. याउलट शेपटीच्या अगदी टोकाला पेशी चपट्या होऊन त्यांच्या मधला फिकट भाग नाहीसा होतो, आणि तिथे पाहणाऱ्याला सगळेच स्फेरोसाइट वाटू लागतात. या दोहोंच्या मध्ये एक पट्टा असतो, जिथे पेशी शेजारीशेजारी बसलेल्या, एकमेकींना जेमतेम टेकलेल्या असतात आणि एकीवर दुसरी चढलेली क्वचितच दिसते. आकाराविषयी जे काही म्हणायचे ते फक्त या पट्ट्यात पाहून म्हणायचे. माझ्या अनुभवात नव्या टेक्निशियनच्या निम्म्याहून अधिक रूलोंचा निकाल इथेच लागतो, कारण त्यांनी ते जाड भागात पाहिलेले असतात. परंतु या पट्ट्यातही पाच-सहा, आठ-आठ पेशींच्या चळती वाकड्यातिकड्या पसरलेल्या दिसत असतील आणि सुट्या पेशी शोधाव्या लागत असतील, तर ते रूलो रक्तातलेच आहेत, काचेने केलेले नव्हेत.

दुकानदार गल्ल्यातील नाणी एकावर एक रचून चळत लावतो आणि ती आडवी पडली की जशी दिसते, तसेच हे दिसते. एरवी तांबड्या पेशी अशा चिकटत नाहीत, कारण त्यांच्या आवरणावरील सियालिक आम्लामुळे प्रत्येक पेशीवर ऋण विद्युतभार असतो आणि त्या एकमेकींना दूर लोटतात. प्लाझ्मात फायब्रिनोजन किंवा इम्युनोग्लोब्युलिन यांसारखी मोठी प्रथिने वाढली की हे दूर लोटणे कमी पडते आणि पेशी सपाट बाजूंनी एकमेकींना टेकतात. ई.एस.आर. वाढतो तोही नेमका याचमुळे, कारण सुट्या पेशीपेक्षा चळत नळीत लवकर खाली बसते. म्हणून रूलो आणि १३० चा ई.एस.आर. हे दोन वेगळे साक्षीदार आहेत असे समजू नका. ती एकाच साक्षीदाराची दोनदा घेतलेली जबानी आहे. ती एवढेच सांगते की प्लाझ्मातील प्रथिने बदललेली आहेत. कोणती प्रथिने आणि का, हे ती सांगत नाही.

प्रथिने वाढण्याची साधी कारणेही पुष्कळ आहेत. गरोदरपणात फायब्रिनोजन वाढते, न्यूमोनियात वाढते, क्षयरोगात, संधिवातात आणि यकृताच्या जुनाट आजारात इम्युनोग्लोब्युलिन वाढतात, आणि या सगळ्यांत चळती दिसू शकतात. तेव्हा रूलो दिसले म्हणजे मल्टिपल मायलोमा, हे समीकरण डोक्यातून काढून टाका. मायलोमाची शंका बळावते ती सोबतच्या गोष्टींवरून: वय पन्नाशीच्या पुढचे, ताप नाही, हिमोग्लोबिन कमी असूनही पेशींचा आकार आणि रंग साधारण, पाठीत किंवा बरगड्यांत दुखणे, आणि तुम्ही कागदावर ठेवून पाहिलेली निळसर झाक. ही झाक पेशींभोवती वाळलेल्या जादा प्रथिनाने स्टेन धरल्यामुळे येते. मात्र रक्त चुकून हेपरिनच्या ट्यूबमध्ये घेतले असेल तरी पार्श्वभूमी अशीच निळी दिसते, म्हणून ट्यूबच्या टोपणाचा रंग आठवून पाहा.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेले एक गृहस्थ तुमच्या पेशंटसारखेच होते. वय ६१, निवृत्त बसचालक. चार महिने कंबर दुखत होती आणि इतकी वर्षे गाडी चालवली म्हणून दुखते, असे घरच्यांनीही आणि त्यांनी स्वतःही ठरवून टाकले होते. औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या घेऊन ते दिवस काढत होते. हिमोग्लोबिन ८.४, एम.सी.व्ही. ९२, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट ठीक, ई.एस.आर. १३८. योग्य पट्ट्यात ठळक रूलो आणि पार्श्वभूमी निळसर. मी रिपोर्टवर रोगाचे नाव लिहिले नाही. जे दिसले ते लिहिले, खाली "सीरम प्रथिने तपासावीत" एवढी सूचना जोडली आणि त्यांच्या डॉक्टरांना फोन केला. त्याच सीरमवर पुढच्या तपासण्या झाल्या तेव्हा एकूण प्रथिन १०.४ ग्रॅम आणि अल्ब्युमिन २.८ निघाले, म्हणजे ग्लोब्युलिन ७.६. सामान्यतः हा आकडा साडेतीनच्या आतबाहेर असतो. क्रिॲटिनिन २.१ आणि कॅल्शियम ११.३ होते. गंमत म्हणजे लघवीच्या पट्टीवर प्रथिन जेमतेम पुसटसे उमटले होते, कारण ती पट्टी अल्ब्युमिन ओळखते. मायलोमात लघवीतून जाणाऱ्या हलक्या साखळ्या तिला जवळजवळ दिसतच नाहीत.

यानंतर सीरम इलेक्ट्रोफोरेसिस झाले. इथे दोन आलेख मनात शेजारीशेजारी ठेवा. क्षयरोग किंवा यकृताच्या आजारात अनेक प्रकारच्या पेशी अनेक प्रकारची इम्युनोग्लोब्युलिन बनवत असतात, त्यामुळे गॅमा भागात रुंद, टेकडीसारखा फुगवटा येतो. मायलोमात एकाच पेशीची संतती एकच प्रथिन बनवत राहते, त्यामुळे तिथे सुळक्यासारखा अरुंद, उंच उंचवटा येतो. या गृहस्थांचा सुळका होता, आणि पुढे अस्थिमज्जेत ४० टक्के प्लाझ्मा पेशी सापडल्या. पेशी १० टक्के किंवा त्याहून अधिक आणि सोबत कॅल्शियम, मूत्रपिंड, हिमोग्लोबिन किंवा हाडे यांपैकी कशाला तरी इजा झाली असली की निदान पक्के होते. इथे पहिल्या तिन्ही गोष्टी रक्ताच्या साध्या चाचण्यांतच दिसत होत्या. डॉक्टरांनी सर्वांत आधी त्या वेदनाशामक गोळ्या बंद केल्या, कारण हलक्या साखळ्यांनी आधीच अडचणीत आलेल्या मूत्रपिंडाला त्या आणखी घातक ठरतात. फोन लवकर करण्याचा खरा फायदा तिथे झाला.

तेव्हा तुमच्या पेशंटसाठी आज करायचे काम एवढेच आहे: पट्टा बघून रूलो खरे असल्याची खात्री करा, मॅडमना कळवा आणि त्यांच्या संमतीने फिजिशियनना एकूण प्रथिन, अल्ब्युमिन, क्रिॲटिनिन व कॅल्शियम करून घेण्याविषयी विचारा. "ॲनिमिया" हा शब्द चुकीचा नव्हता, पण तो तर मशीननेही सांगितला होता.

रूलोविषयी आणखी दोन गोष्टी सांगून पुढे जातो. पहिली म्हणजे, पेशी एकत्र दिसल्या की ते रूलोच असे नाही. थंडीत सक्रिय होणाऱ्या अँटिबॉडीमुळे पेशी एकमेकींना चिकटतात तेव्हा चळत न दिसता द्राक्षांच्या घडासारखा वेडावाकडा गोळा दिसतो, आणि मशीन अशा गोळ्याला एकच मोठी पेशी समजते, त्यामुळे तांबड्या पेशींची संख्या अकारण कमी, एम.सी.व्ही. अकारण जास्त आणि एम.सी.एच.सी. ३७-३८ च्या वर, अशक्य वाटावे असे येते. नमुना ३७ अंशांवर थोडा वेळ गरम ठेवून पुन्हा लावला की आकडे ताळ्यावर येतात. शंका असेल तर काचेवर रक्ताच्या एका थेंबात नॉर्मल सलाइनचे दोन-तीन थेंब मिसळून वर कव्हरस्लिप ठेवून पाहा: प्रथिने पातळ झाली की रूलो सुटतात, अँटिबॉडीने धरलेले गोळे तसेच राहतात. त्या गृहस्थांना रक्त चढवायची वेळ आली तर रक्तपेढीलाही रूलोची कल्पना द्यायला विसरू नका, कारण क्रॉसमॅचच्या नळीत रूलो हुबेहूब ॲग्लुटिनेशनसारखे दिसतात आणि तिथेही सलाइनच गुंता सोडवते. दुसरी गोष्ट अशी, की काही मायलोमांमध्ये फक्त हलक्या साखळ्याच तयार होतात आणि त्या रक्तात न साठता लघवीवाटे निघून जातात. तिथे ना रूलो असतात, ना ई.एस.आर. फारसा वाढलेला असतो. त्यामुळे रूलो नाहीत म्हणून मायलोमा नाही, असेही म्हणता येत नाही.

आता टिअरड्रॉप. आपल्याकडे त्याला कोणी अश्रुपेशी म्हणतात, पण लॅबमध्ये तो शब्द रुळलेला नाही. पेशीचे एक टोक ओढून काढल्यासारखे निमुळते होते, नळाच्या तोंडाशी लोंबणाऱ्या थेंबासारखे. इथे पहिला प्रश्न दिशेचा आहे. स्लाईडवरच्या सगळ्या थेंबांची टोके एकाच दिशेला वळलेली असतील, तर ती स्प्रेडरने ओढताना ताणलेली आहेत. शरीरात असताना पेशींना दिशा ठाऊक नसते. खऱ्या टिअरड्रॉपची टोके चहूकडे वळलेली असतात आणि बहुधा बोथट असतात, तर ओढल्यामुळे झालेली टोके टोकदार असतात. स्प्रेडरची कड खरबरीत झाली असेल किंवा हात मध्येच थबकला असेल तर असे होते. नव्या स्प्रेडरने दुसरा स्मिअर काढा. दोन मिनिटांचे काम आहे आणि त्यात बहुतेक थेंब नाहीसे झालेले दिसतील.

नाहीसे झाले नाहीत, तर त्यांच्यासोबत कोण आहे ते बघा. अस्थिमज्जेत तंतूंचे जाळे वाढले किंवा तिथे बाहेरच्या पेशींनी, म्हणजे स्तन वा प्रोस्टेटच्या कर्करोगाने किंवा क्षयरोगाच्या गाठींनी जागा बळकावली, की तांबड्या पेशी त्या दाटीतून आणि वाढलेल्या प्लीहेतून पिळवटून बाहेर पडतात. अशा वेळी मज्जेचे दार नीट लागत नाही आणि आत थांबायला हव्या होत्या अशा पेशीही रक्तात येतात: केंद्रक असलेल्या तांबड्या पेशी आणि मायलोसाइटसारख्या कच्च्या पांढऱ्या पेशी. टिअरड्रॉप आणि या दोन्ही कच्च्या पेशी एकत्र दिसल्या तर ते चित्र ल्यूकोएरिथ्रोब्लास्टिक म्हणून ओळखले जाते, आणि ते पाहिल्यावर मॅडमच्या पुढच्या फेरीची वाट पाहायची नसते. त्यात पोटाच्या डाव्या बाजूला जडपणा असेल आणि प्लीहा हाताला लागत असेल, तर मायलोफायब्रोसिस पुढे येतो. अशा पेशंटची मज्जा सुईने ओढायला गेले तर अनेकदा सिरिंजमध्ये काहीच येत नाही, म्हणून हाडाचा तुकडा घेऊन त्यावर रेटिक्युलिनचा स्टेन करावा लागतो. २००५ साली सापडलेला जॅक-टू जनुकातील बदल मायलोफायब्रोसिसच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत मिळतो, तेव्हा ती तपासणीही सोबत होते.

परंतु टिअरड्रॉप पाहून लगेच मज्जेकडे धावणेही बरे नाही. एक तरुण माझ्याकडे मज्जा तपासणीसाठी पाठवला होता. वय ३४, जन्मापासून शाकाहारी, दूधही फारसे घेत नसे. हिमोग्लोबिन ५.८, पांढऱ्या पेशी २,९००, प्लेटलेट ७० हजार, आणि दुसऱ्या लॅबच्या रिपोर्टवर "टिअरड्रॉप सेल्स, ब्लड कॅन्सर वगळावा" असा शेरा. घरातील माणसे तो शेरा वाचून दोन रात्री झोपली नव्हती. एम.सी.व्ही. मात्र ११८ होता, आणि नेमका तोच आकडा कोणी वाचला नव्हता. स्मिअरवर टिअरड्रॉप खरोखरच होते, पण त्यांच्यापेक्षा जास्त होत्या मोठ्या, अंडाकृती तांबड्या पेशी, आणि न्यूट्रोफिलच्या केंद्रकांना नेहमीच्या तीन-चारांच्या जागी सहा-सहा, सात-सात पाळ्या होत्या. ही जीवनसत्त्व बी-१२ च्या कमतरतेची खूण आहे. रक्तातील बी-१२ फारच कमी निघाले, इंजेक्शने सुरू झाली, आठवड्याभरात रेटिक्युलोसाइट उसळले आणि मज्जेला सुई लावावी लागली नाही. थॅलेसेमिया मेजरमध्ये आणि लोहाच्या तीव्र कमतरतेतही थोडे टिअरड्रॉप दिसतात. थोडक्यात, टिअरड्रॉपच्या शेजारी कच्च्या पेशी आहेत की जादा पाळ्यांचे न्यूट्रोफिल आहेत, यावर पुढचा रस्ता ठरतो.

टार्गेट सेलविषयी लिहिताना मला माझी एक फजिती सांगायला हवी. सुरुवातीच्या काळात, ऐन जुलैमध्ये, मी एका दुपारी लागोपाठ चार पेशंटच्या स्मिअरवर टार्गेट सेल लिहिले. चौघांत एक ताप आलेला मुलगा, एक शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीसाठी आलेले गृहस्थ आणि दोन निरोगी नोकरी-उमेदवार होते. तिसऱ्याच स्लाईडला मला शंका यायला हवी होती. संध्याकाळी एका उमेदवाराचे वडील रिपोर्ट घेऊन विचारायला आले, तेव्हा मी स्लाईड पुन्हा काढून पाहिली. त्या दिवशी वीज गेल्यामुळे पंखा बंद होता आणि दमट हवेत स्मिअर पाच-सहा मिनिटे ओलेच राहिले होते. पेशी सावकाश वाळल्या की त्यांच्यातील हिमोग्लोबिन सरकते आणि मधोमध ठिपका उमटतो. तुमच्याकडे पावसाळ्यातच हे रोज दिसू लागले, यावरून मला हाच संशय आहे. स्मिअर पातळ काढून लगेच हवेत हलवून वाळवा, किंवा केस वाळवायच्या यंत्राची थंड हवा काही अंतरावरून द्या. मेथॅनॉलची बाटलीही तपासा: ते हवेतील पाणी शोषते, आणि पाणी शिरलेल्या मेथॅनॉलने फिक्स केलेल्या पेशींच्या मध्यभागी चमकदार, पंच मारल्यासारखी भोके दिसतात. फोकस खालीवर केल्यावर मधला भाग काचेसारखा चमकत असेल, तर तो टार्गेट नव्हे. आणि त्याच दिवशीच्या सर्वांच्या स्लाईडवर एकच आकार दिसू लागला, तर सर्वांत आधी स्वतःच्या रक्ताचा स्मिअर काढून त्याच रांगेत रंगवा. तोही तसाच आला की उत्तर मिळाले.

खऱ्या टार्गेट सेलमध्ये कपाळावरील टिकलीसारखा मध्ये गडद ठिपका, त्याभोवती फिकट कडे आणि बाहेर पुन्हा गडद कड असते. कारण सोपे आहे: पिशवी मोठी आणि आतले सामान कमी झाले की पिशवी सैल पडते आणि तिला मधोमध फुगवटा येतो. हे दोन प्रकारे होते. पहिल्या प्रकारात पिशवीच वाढते: पित्ताचा मार्ग अडला किंवा यकृत बिघडले की पेशींच्या आवरणावर कोलेस्टेरॉल चढते. तिथे पेशंट बहुधा पिवळा दिसतो, एम.सी.व्ही. साधारण किंवा थोडा जास्त असतो, आणि निदान स्लाईडवाचूनही होते. प्लीहा काढलेल्या माणसातही टार्गेट दिसतात, म्हणून पोटावरच्या जुन्या शस्त्रक्रियेची चौकशी करावी. दुसऱ्या प्रकारात सामान कमी पडते, म्हणजे हिमोग्लोबिन नीट बनत नाही, आणि खरा उपयोग इथे आहे.

उदाहरण घेऊ. दहा आठवड्यांची गरोदर स्त्री, हिमोग्लोबिन १०.४, एम.सी.व्ही. ६१. आकडा लहान पाहून कोणीही लोहाच्या गोळ्या लिहून देईल, आणि लग्नाआधीही तिने त्या सहा महिने घेतल्या होत्या. उपयोग झाला नव्हता. स्मिअरवर लहान, फिकट पेशी आणि पुरेसे टार्गेट सेल. आता मशीनच्या त्याच कागदावर तांबड्या पेशींची संख्या पाहा: ती ५६ लाख होती. लोह कमी असेल तर कारखान्याला माल मिळत नाही, त्यामुळे पेशी लहानही होतात आणि संख्येनेही कमी होतात. थॅलेसेमिया मायनरमध्ये पेशी लहान होतात, पण संख्या कमी होत नाही, उलट वाढते. मेंट्झर यांनी १९७३ मध्ये सुचवलेला साधा भागाकार असा: एम.सी.व्ही. भागिले दशलक्षांत मोजलेली पेशींची संख्या. ६१ भागिले ५.६ म्हणजे सुमारे १०.९. उत्तर तेराच्या खाली आले तर थॅलेसेमिया मायनरची शक्यता, वर आले तर लोहाच्या कमतरतेची. हा भागाकार निदान करत नाही, फक्त रांगेतून पेशंट वेगळा काढतो, निदान एच.पी.एल.सी.वर होते, जिथे हिमोग्लोबिन ए-टू साधारण साडेतीन-चार टक्क्यांच्या वर मिळते. सोबत फेरिटिन करावे, कारण लोहाची कमतरता जोडीला असेल तर ए-टू थोडे खाली ओढले जाऊ शकते आणि रिपोर्ट काठावर येतो. तशी कमतरता निघाली तर थॅलेसेमिया मायनर असतानाही लोह द्यावेच लागते. फक्त हिमोग्लोबिन आपोआप तेरावर जाईल ही अपेक्षा ठेवायची नाही.

या स्त्रीचे ए-टू ५.२ टक्के निघाले. तिला स्वतःला त्याचा काही त्रास नव्हता, पण प्रश्न तिचा एकटीचा नव्हताच. पतीही वाहक असेल तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता चारात एक असते, आणि गर्भाची तपासणी करायची तर ती साधारण अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा बारीक तुकडा घेऊन होते. म्हणजे स्मिअर पाहिल्यापासून हातात जेमतेम दोन आठवडे होते. पतीचे रक्त त्याच दिवशी घेतले. तो वाहक नव्हता आणि प्रश्न तिथेच मिटला. स्मिअरवरची नोंद "मायक्रोसायटिक हायपोक्रोमिक" एवढ्यावर थांबली असती, तर पुन्हा लोह सुरू झाले असते आणि ते दोन आठवडे निघून गेले असते. टार्गेट सेलसोबत नावेच्या आकाराच्या, दोन्ही टोकांना निमुळत्या पेशी दिसल्या तर सिकलसेलचाही विचार करा. विदर्भात आणि नंदुरबारकडे काम करणाऱ्यांना हे सांगावे लागत नाही, पण तिकडची कुटुंबे कामासाठी कोकणातही येतात. सिकलसेलच्या नुसत्या वाहकाचा स्मिअर मात्र साधारण दिसतो, तो स्मिअरवर ओळखण्याच्या भरवशावर राहू नये.

आता तुमच्या चिठ्ठीवर काय असावे ते सांगतो. रोगाचे नाव लिहू नका. ते मॅडमचे काम आहे, आणि फिजिशियननी फोनवर विचारले तर तसेच सांगा. आकाराचे नाव लिहा, पण "आहे" एवढे पुरत नाही, किती आहे ते लिहा. योग्य पट्ट्यात शंभराच्या लेन्सखाली काही क्षेत्रांतील तांबड्या पेशी मोजून टार्गेट किंवा टिअरड्रॉप शेकडा किती हे काढा. आंतरराष्ट्रीय पद्धतीप्रमाणे ५ ते २० टक्क्यांना मध्यम आणि २० च्या वर पुष्कळ समजतात. एक-दोन टक्के थेंब कोणाच्याही रक्तात सापडतात. ते लिहिल्याने फिजिशियनचा गोंधळ तेवढा वाढतो. रूलोला असे टक्के लावत नाहीत, तिथे फक्त "योग्य पट्ट्यात पाहिले" हे शब्द लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला तुम्ही जाड भागात पाहिले नाही हे कळते. पुढे सोबतच्या पेशी लिहा: केंद्रक असलेल्या तांबड्या पेशी, कच्च्या पांढऱ्या पेशी, जादा पाळ्यांचे न्यूट्रोफिल, निळी पार्श्वभूमी, जे असेल ते, आणि त्याशेजारी एम.सी.व्ही. व तांबड्या पेशींची संख्या.

एक आकार तुम्ही विचारलेला नाही, तरीही सांगतो. शिरस्त्राणासारख्या किंवा त्रिकोणी तुटक्या पेशी शंभरात एकापेक्षा जास्त दिसल्या आणि प्लेटलेट कमी असल्या, तर रात्र असो वा सुट्टी, मॅडमना लगेच फोन करा. या एका चित्रात तासांचा फरक पडतो.

त्या गृहस्थांसाठी नवी चिठ्ठी अशी लिहिता येईल: "नॉर्मोसायटिक ॲनिमिया, हिमोग्लोबिन ८.६. योग्य पट्ट्यात पाहिले असता ठळक रूलो, सलाइनमध्ये सुटतात. पार्श्वभूमी निळसर. कच्च्या पेशी आढळल्या नाहीत. स्लाईड जपून ठेवली आहे, कृपया आज पाहावी." यातील प्रत्येक वाक्य स्लाईड पुन्हा पाहून, खरे असेल तरच ठेवा, निळसर झाक नसेल तर ते वाक्य खोडा, आणि एम.सी.व्ही. ऐंशीच्या खाली असेल तर पहिला शब्दही बदला. रक्ताचा नमुना टाकून दिला असेल तर सलाइनचे वाक्यही काढावे लागेल, आणि मग नमुना पुन्हा मागवताना त्यासोबत प्रथिनांसाठी साधी ट्यूबही घ्या, म्हणजे त्यांना दुसऱ्यांदा सुई टोचावी लागणार नाही.